बाटलीवर ४५७, हिशोबात ४००: लहान मुलांच्या अँटिबायोटिक सिरपचा डोस कसा तपासायचा

काउंटरवर नवीन उभं राहिलेल्या फार्मासिस्टच्या हातात पहिल्याच आठवड्यात अशी चिठ्ठी येते: ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ड्राय सिरप, २२८.५, साडेचार एमएल, बीडी, सात दिवस. वर कोपऱ्यात वजन ९ किलो. मूल दहा महिन्यांचं, आईच्या खांद्यावर झोपलेलं. मागे आणखी चौघे उभे. अशा वेळी बाटली काढून, पाणी घालून, बिल फाडून मोकळं व्हावंसं वाटतं. पण मधे एक मिनिट लागतं ते डोस तपासायला, आणि त्या एका मिनिटात नेमकं काय करायचं हे मी इथे सांगणार आहे. डोस डॉक्टरच ठरवतात. आपण फक्त पडताळतो आणि शंका आली तर फोन उचलतो. पालक हे वाचत असतील तर त्यांनी यावरून घरी डोस ठरवू नये, आणि मागच्या वेळची उरलेली बाटली तर अजिबात काढू नये.

मी मुद्दाम एकच औषध घेतलं आहे. बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांवर ते सतत दिसतं आणि चुकायला सर्वांत जास्त जागा त्यातच आहेत. हे जमलं की सेफिक्झिम किंवा ॲझिथ्रोमायसिन त्यामानाने सरळ.

आधी वजन

चिठ्ठीवर वजन असेल तर ते कधीचं, हे बघा. सहा महिन्यांपूर्वीच्या लसीकरण कार्डावरून उतरवलेलं वजन दहा महिन्यांच्या बाळासाठी निरुपयोगी आहे. वजन नसेल तर विचारा, आणि आईने "असेल आठ-नऊ" म्हटलं तर ते वजन धरू नका. दुकानात साधा वजनकाटा असला तर आईला बाळासकट उभं करायचं, मग बाळ दुसऱ्या कुणाकडे देऊन एकटीला उभं करायचं आणि वजाबाकी करायची. स्वेटर, बूट, भिजलेला डायपर उतरवून. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. अर्ध्या किलोच्या खुणा असलेल्या जुन्या काट्यावर लहान बाळाचं वजन या रीतीने काढलं तर चूक फार मोठी होते.

वजन खरं वाटतं का, हे बघायला शिकवणीत पाठ केलेली सूत्रं उपयोगी पडतात. तीन ते बारा महिन्यांच्या बाळाचं अपेक्षित वजन म्हणजे महिने अधिक नऊ, भागिले दोन. दहा महिन्यांना साडेनऊ किलो येतात, चिठ्ठीवर नऊ आहेत, म्हणजे जमलं. एक ते सहा वर्षांसाठी वर्षांची दुप्पट अधिक आठ. चार वर्षांच्या मुलाचे सोळा किलो येतात, प्रत्यक्षात चौदा असले तरी आश्चर्य नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठीवर ३१ लिहिलेलं दिसलं तर थांबायचं: ते १३ उलटं पडलेलं असू शकतं, किंवा कुणीतरी पौंडात वजन लिहिलेलं असू शकतं. सूत्राचं काम इथे संपतं. सूत्रातून आलेल्या वजनावर डोस काढायचा नाही.

बाटलीवरचा आकडा फोडून वाचा

नवीन माणूस सर्वांत जास्त इथे घसरतो. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेला २२८.५ हा आकडा दोन औषधांची बेरीज आहे. दर ५ मि.ली.मध्ये २०० मि.ग्रॅ. ॲमॉक्सिसिलिन आणि २८.५ मि.ग्रॅ. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. ४५७ मध्ये ४०० आणि ५७. जंतू मारायचं काम ॲमॉक्सिसिलिनचं. काही जंतू त्याला फोडणारं एन्झाइम तयार करतात, त्या एन्झाइमला गुंतवून ठेवायचं काम क्लॅव्हुलॅनिकचं. किलोमागे जो डोस सांगितला जातो तो ॲमॉक्सिसिलिनवर मोजतात. म्हणून हिशोबात २०० किंवा ४०० घ्यायचे, बेरीज घ्यायची नाही.

२२८.५ घेऊन हिशोब केला तर काय होतं? या बेरजेत ॲमॉक्सिसिलिनचा वाटा आठातले सात भाग. त्यामुळे बेरजेवर काढलेला डोस नेहमी एक अष्टमांशाने कमी पडतो. आपल्या नऊ किलोच्या बाळाला दर वेळी १८० मि.ग्रॅ. ॲमॉक्सिसिलिन हवं असेल आणि कुणी २२८.५ ने भागलं, तर साडेचारऐवजी साधारण चार मि.ली. निघतात. लगेच काही बिघडत नाही, म्हणूनच ही चूक पकडली जात नाही. वर्षानुवर्षं एखादा माणूस प्रत्येक बाळाला थोडं कमीच सांगत राहतो.

बाटलीवर आणखी एक गोष्ट लपलेली असते: दोन औषधांचं प्रमाण. २२८.५ आणि ४५७ मध्ये ते सातास एक आहे आणि हे सिरप दिवसातून दोनदा देतात. जुन्या १५६.२५ आणि ३१२.५ या बाटल्यांत ते चारास एक आहे (१२५ ला ३१.२५, २५० ला ६२.५) आणि त्या दिवसातून तीनदा द्यायच्या हिशोबाने बनवलेल्या आहेत. ६४२.९ नावाचीही एक बाटली असते. तिच्यात ६०० ला ४२.९, म्हणजे चौदास एक. या बाटल्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

सुलट हिशोब

डॉक्टरांनी मनात काय धरलं असेल? समजा त्यांनी धरलं, दिवसाला किलोमागे ४० मि.ग्रॅ., दोन वेळांत विभागून. मग:

```
दिवसाचा डोस = ९ किलो × ४० मि.ग्रॅ. = ३६० मि.ग्रॅ.
एका वेळचा डोस = ३६० ÷ २ = १८० मि.ग्रॅ.
मि.ली. = १८० ÷ २०० × ५ = ४.५ मि.ली.
```

चिठ्ठीवरचे साडेचार एमएल असे आले. शेवटच्या ओळीत पुष्कळजण गोंधळतात, कारण भागायचं कशाने आणि गुणायचं कशाने हे घाईत उलटं होतं. मी मनात असं म्हणतो: "पाच एमएलमध्ये दोनशे, मग एका एमएलमध्ये चाळीस. मला एकशेऐंशी हवेत, म्हणजे साडेचार एमएल." एका एमएलमध्ये किती हे एकदा काढलं की सूत्र आठवायची गरज राहत नाही. ४५७ च्या बाटलीत एका एमएलमध्ये ऐंशी.

उलटा हिशोब, आणि खरी तपासणी हीच

काउंटरवर मात्र सुलट हिशोब करू नका. चिठ्ठीवरचा आकडा डोळ्यांसमोर असताना आपण नकळत तोच आकडा यावा असं गणित करत जातो. बाटलीकडून बाळाकडे या:

```
४.५ मि.ली. × ४० मि.ग्रॅ. = १८० मि.ग्रॅ. (एका वेळी)
१८० × २ वेळा = ३६० मि.ग्रॅ. (दिवसाला)
३६० ÷ ९ किलो = ४० मि.ग्रॅ. प्रति किलो, प्रति दिवस
```

शेवटी येणारा हा एकच आकडा घेऊन मर्यादेकडे जायचं. सातास एक प्रमाणाच्या सिरपसाठी, तीन महिन्यांवरच्या मुलांत, ही मर्यादा दिवसाला किलोमागे २५ ते ४५ मि.ग्रॅ. ॲमॉक्सिसिलिन. ४० तिच्यात बसतात.

दोन्ही टोकं मात्र सारखी नाहीत. २५ च्या बाजूचा डोस सौम्य संसर्गासाठी, ४५ च्या बाजूचा कानाचा, सायनसचा किंवा छातीचा संसर्ग असेल त्यासाठी. म्हणून "मर्यादेत आहे" एवढ्यावर काम होत नाही. चौदा किलोच्या मुलाला २२८.५ चे ५ मि.ली. दोनदा लिहिलेले असतील तर २०० दुणे ४००, भागिले १४, म्हणजे साधारण २८.६. आकडा मर्यादेत आहे. पण चिठ्ठीवर कान दुखतोय, पू येतोय असं निदान असेल तर हा डोस खालच्या टोकाला पडतो, आणि त्याबद्दल विचारणं योग्य. "पाच एमएल बीडी" हा आकडा हाताला इतका सवयीचा असतो की कधी कधी वजन न बघताच लिहिला जातो.

हे आकडे कुठे बघायचे? बाटलीसोबतच्या माहितीपत्रिकेत, किंवा दुकानात ठेवलेल्या बालरोगाच्या औषधसूचीत. दुसऱ्या औषधाच्या मर्यादा पाठ असल्या तरी त्या इथे लावू नका. सेफिक्झिम साधारण किलोमागे ८ मि.ग्रॅ. दिवसाला, ॲझिथ्रोमायसिन बहुतेक वेळा १० मि.ग्रॅ. दिवसातून एकदाच, आकड्यांचा आवाकाच वेगळा. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाची किंवा किडनीचा आजार असलेल्या मुलाची चिठ्ठी आली तर वरची मर्यादा लागू नाही, तिथे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. चाळीस किलोंवरचं मूल असेल तर किलोचा हिशोब थांबतो, मोठ्यांचा डोस लागतो.

आकडा बाहेर गेला तर

उलट हिशोबात आकडा मर्यादेच्या जवळपास दुप्पट आला, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते.

पहिली: "दिवसाला" आणि "वेळेला" यांची गल्लत. किलोमागे ४० मि.ग्रॅ. हा दिवसाचा डोस असताना कुणीतरी तो एका वेळचा धरतो. मग नऊ किलोच्या बाळाला ९ मि.ली. दोनदा लिहिलं जातं आणि उलट हिशोबात ८० येतात. इथे एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी: ८० ते ९० हा डोस जगात कुठे वापरतच नाहीत असं नाही. कानाच्या काही संसर्गांत डॉक्टर जाणूनबुजून तो देतात. प्रश्न असतो बाटलीचा. सातास एकच्या बाटलीतून ८० गाठले की सोबत क्लॅव्हुलॅनिकही किलोमागे सव्वाअकरा मि.ग्रॅ.च्या वर जातं, आणि ते दिवसाला किलोमागे १० च्या पुढे गेलं की जुलाब वाढतात. म्हणून एवढ्या मोठ्या डोसासाठी चौदास एकची, ६४२.९ वाली बाटली आहे. नऊ किलोच्या बाळाला तिच्यातून ९० द्यायचे तर दिवसाला ८१० मि.ग्रॅ., एका वेळी ४०५, म्हणजे सुमारे ३.४ मि.ली.; क्लॅव्हुलॅनिक फक्त साडेसहाच्या आत राहतं. तेव्हा फोनवर असं विचारायचं: "सर, नऊ किलोच्या बाळाला २२८.५ चे नऊ एमएल बीडी लिहिलेत, ते दिवसाला किलोमागे ८० होतात. मोठा डोस हवाय का? तसं असेल तर ६४२.९ देऊ का?" वजन, बाटली, किलोमागचा आकडा आणि प्रश्न, या क्रमाने. नुसतं "डोस जास्त वाटतोय" म्हटलं की समोरून "दिलाय तो द्या" एवढंच उत्तर येतं.

दुसरी: बाटली बदललेली. आणि इथे मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी २२८.५ संपलेलं होतं, ४५७ होतं. चिठ्ठी दहा किलोच्या मुलाची, ५ मि.ली. दोनदा. गणित मला येत होतं: दुप्पट ताकद, निम्मं औषध. डॉक्टरांना न विचारता मी ४५७ ची बाटली दिली आणि आजीला सांगितलं, "आजी, अर्धंच द्या." आजीने अर्धंच दिलं असतं. पण घरी औषध द्यायची मुलाची आई, आणि तिने वाचली चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच होतं. तिसऱ्या दिवशी आजी परत आल्या ते मुलाला दिवसात सात-आठ वेळा पातळ होतंय हे सांगायला. हिशोब केला तर ॲमॉक्सिसिलिन ८० आणि क्लॅव्हुलॅनिक ११.४. डॉक्टरांना फोन करून मी जे केलं होतं ते सांगितलं. मूल ठीक झालं. तेव्हापासून ताकद बदलायची झाली तर मी आधी फोन करतो, आणि चिठ्ठीवरचा जुना आकडा खोडून नवा आकडा व वेळ लिहून मगच बाटली हातात देतो.

पाणी घालताना डोस बिघडतो तो असा

वर केलेलं सगळं गणित पाणी बरोबर पडलं असेल तरच खरं. ३० मि.ली.च्या २२८.५ च्या बाटलीत एकूण १२०० मि.ग्रॅ. ॲमॉक्सिसिलिन असतं. पाणी रेषेच्या वर जाऊन ३६ मि.ली. झालं तर ५ मि.ली.मध्ये २०० नाही, सुमारे १६७ उरतात.

आधी बाटली आपटून, हलवून तळाची पावडर मोकळी करा. खोक्यात पाण्याची कुपी असेल तर तीच वापरा, नाहीतर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी; कोमट चालत नाही. निम्म्याहून थोडं जास्त पाणी घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. मग फेस येतो, आणि खरी फसवणूक हा फेस करतो. फेसाची वरची कड रेषेला टेकली की पाणी पुरलं असं वाटतं, पण फेस बसल्यावर पातळी खाली जाते आणि औषध घट्ट राहतं. दोन मिनिटं बाटली टेबलावर ठेवा, फेस बसू द्या, मग डोळे रेषेच्या पातळीला आणून उरलेलं पाणी घाला आणि पुन्हा हलवा. गर्दीत ही दोन मिनिटं जड जातात. तेवढ्यात बिल करावं.

पालकांनी घरी स्वतः पाणी घालायचं म्हटलं तर त्यांना रेषा बोटाने दाखवा. रेषा लेबलच्या कडेला इतकी बारीक असते की निम्म्या लोकांना ती दिसतच नाही.

मापून देणं

साडेचार मि.ली. झाकणाने मोजता येत नाही. झाकणावर सहसा अडीच, पाच अशाच खुणा असतात. घरातला चमचा तर कुणाच्या घरी तीन एमएलचा, कुणाच्या सातचा. तोंडावाटे औषध द्यायची पाच मि.ली.ची सिरिंज द्या, साडेचारच्या खुणेवर पेनाने रेघ ओढा, आणि आईला एकदा समोर पाणी भरून दाखवायला सांगा. साधी सिरिंज देत असाल तर सुई आणि टोकाचं छोटं टोपण दोन्ही काढून स्वतःच्या कचऱ्यात टाका. ते टोपण बाळाच्या घशात जाऊ शकतं.

लेबलवर आकड्याबरोबर शब्दही लिहा. आपल्याकडे ही अडचण खास आहे: मराठी ५ इंग्रजी आकडे वाचणाऱ्याला 4 सारखा दिसतो, मराठी ४ हा 8 सारखा, आणि एकाच घरात आजी मराठी आकडे वाचते आणि बाबा इंग्रजी. "साडेचार एमएल, सकाळी आणि रात्री" असं अक्षरात लिहिलं की वाद मिटतो. तोंडी सांगतानाही "चार पॉइंट पाच" म्हणू नका. घाईत "पॉइंट" ऐकूच येत नाही. दीड, अडीच, साडेचार हे शब्द मात्र कुणी चुकीचे ऐकत नाही. औषध जेवणाच्या सुरुवातीला द्यायला सांगा, त्याने पोटाला त्रास कमी होतो. प्रत्येक वेळी बाटली हलवायची, नाहीतर पहिले डोस पातळ आणि शेवटचे घट्ट. आणि पेनिसिलिनने कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, याच औषधाने पूर्वी कावीळ झाली होती का, हे बाटलीत पाणी घालण्याआधीच विचारून घ्या. उत्तर "हो" आलं तर बाटली फोडायचीच नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

किती बाटल्या

नऊ किलोच्या बाळाला दिवसाला ९ मि.ली., सात दिवसांना ६३. तीस-तीसच्या दोन बाटल्या म्हणजे ६०. चौदा डोसांपैकी तेराच पूर्ण होतात, त्यातही थोडं औषध बाटलीच्या काचेला आणि सिरिंजमध्ये राहतं. शेवटच्या एका डोसासाठी तिसरी बाटली द्यायची की नाही हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. पण दोनच द्यायच्या आणि काही न बोलता सोडायचं, हे करू नका, कारण मग सहाव्या दिवशी आई औषध पुरवायला डोस कमी करू लागते.

दोन्ही बाटल्यांत एकदम पाणी घालू नका. कालवलेलं सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसच चालतं, आणि पहिली बाटली सव्वातीन दिवसांत संपते. दुसरी कोरडीच घरी न्यायला सांगा, पहिली संपली की दुकानात आणा म्हणावं, आपणच पाणी घालून देऊ. फ्रिज नसेल तर हे आधीच विचारून घ्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. पहिल्या बाटलीवर आजची तारीख घाला आणि "या तारखेनंतर वापरू नका" म्हणून सात दिवसांनंतरची. दुसरीच्या खोक्यावर फक्त बाळाचं नाव, आणि मोठ्या अक्षरांत: "पाणी घातलेलं नाही."